आयुष्य सरळ रेषेत गेलं नसेल तर आठवणींची मांडणी कशी करावी: विषयवार रचनेचे टप्पे

आठवणी लिहायला घेतलेली बरीच माणसं जन्मापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात अडकतात. गाव, शहर, पुन्हा गाव, परदेश, पुन्हा शहर असं आयुष्य असेल तर सालवार लिहिताना प्रत्येक प्रकरण 'मग मी परत आलो' याच वाक्यावर येऊन थांबतं. मग कुणीतरी सांगतं, विषयवार लिही. ते ऐकून माणूस 'बालपण', 'संघर्ष', 'माझी माणसं', 'समाधान' अशी प्रकरणं पाडतो आणि हस्तलिखित आधीपेक्षा जास्त विस्कळीत होतं. चूक बहुतेक वेळा लेखनात नसते, क्रमात असते. विषय आधी ठरवले जातात आणि सालं नंतर आठवली जातात. करायचं याच्या नेमकं उलट.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. माणूस कल्पित आहे, पण असं आयुष्य कोकणात घराघरांत सापडेल. जन्म १९५४, मालवण तालुक्यातलं गाव. १९७२ मध्ये मुंबईला, लालबागच्या चाळीत गाववाल्यांच्या गाळ्यात मुक्काम, गिरणीत बदली कामगार. १९७८ मध्ये लग्न, बायको गावीच. १९८० मध्ये मुलगी. १९८२ च्या संपात काम गेलं, गावी परत. १९८४ मध्ये पुन्हा मुंबई, इमारतीवर रखवालदार. १९८७ मध्ये आई गेली. १९८९ मध्ये कुवेत. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर हात हलवत परत. मग ठाण्यात रिक्षा, बायको-मुलगी तिकडे आणली. २००८ मध्ये कायमचं गावी. याला आपण 'आपला लेखक' म्हणू.

टप्पा ०: विषयवार रचना खरंच हवी का?

आयुष्यातली एकच गोष्ट सांगायची असेल, म्हणजे एक आजार, एक आंदोलन किंवा नोकरीची ठरावीक वर्षं, तर सालवारच लिहा. तिथे पुढे काय झालं याची उत्सुकताच वाचकाला ओढून नेते आणि विषय पाडले की ती मरते.

विषयवार रचना तेव्हा उपयोगी पडते, जेव्हा एकच गोष्ट वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा घडते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. आपला लेखक गावी परततो ते गणपतीला भेटवस्तू घेऊन, संपात रिकाम्या हाताने, कुवेतहून अंगावरच्या कपड्यांनिशी आणि शेवटी म्हातारपणी. सालवार लिहिलं तर ही परतणी चार प्रकरणांत विखुरतात. शेजारी शेजारी ठेवली तर वाचकाला ती एकमेकांशी ताडून पाहता येतात.

तपासणी: तुमच्या आयुष्यात तीन वेगवेगळ्या काळात घडलेली एकच गोष्ट सांगता येते का? अशा निदान चार गोष्टी सापडल्या तर पुढे जा. नाही सापडल्या तर हा लेख बाजूला ठेवा.

टप्पा १: आधी कालपट तयार करा

पुस्तक विषयवार असलं तरी तुमच्याजवळ वर्षावर्षाचा पक्का कालपट हवाच. सालवार पुस्तकात एखादी चूक झाली तर पुढचं-मागचं प्रकरण तिला सावरून घेतं. विषयवार पुस्तकात तो आधार नसतो. मुलगी एका प्रकरणात चार वर्षांची आणि त्याच उन्हाळ्याबद्दलच्या दुसऱ्या प्रकरणात शाळेत तिसरीत, असं झालं की वाचकाचा विश्वास उडतो.

मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: साल, वय, कुठे राहत होतो, घरात कोण कोण होतं, काम काय होतं. ओळी सालाच्या. रिकाम्या ओळी रिकाम्याच ठेवा.

मग कागदपत्रं काढा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पासपोर्टवरचे शिक्के, मुलांचे जन्मदाखले, सातबारावरचे फेरफार. फोटोंच्या मागची शाई नुसतं पाहून सोडू नका, तिथे बऱ्याचदा स्टुडिओचं नाव आणि तारीख सापडते.

जिथे कागद नाही तिथे सगळ्यांना माहीत असलेल्या घटनांना आठवण बांधून पाहा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, गिरणी संपाची सुरुवात १८ जानेवारी १९८२, कुवेतवरचा हल्ला २ ऑगस्ट १९९०, मुंबईतला तो पाऊस २६ जुलै २००५. 'मुलगी झाली तेव्हा रत्नागिरी जिल्हाच होता' हेसुद्धा चालतं, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला.

अशी बांधणी करताना काही आठवणी तुटतात, आणि ते चांगलंच आहे. आपला लेखक ठामपणे सांगतो की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो वर्गात होता आणि बाकं हलली. पण तो मोठा धक्का पहाटे सव्वाचारच्या सुमाराचा. त्या वेळी कुणीच वर्गात नव्हतं. मग बाकं हललीच नाहीत का? हलली असतील, कारण धक्के नंतरही बसत राहिले. म्हणजे आठवण टाकून द्यायची नाही, पण 'तो मोठा भूकंप' हे शब्द काढायचे. तसंच, १९९० मध्ये मुंबईहून रेल्वेने गावी गेलो असं लिहिलं असेल तर थांबा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये. तो प्रवास एस.टी.चाच असणार, आणि एस.टी.चा प्रवास हा वेगळाच प्रसंग आहे.

सावधान: कालपट छापायचा नाही. तो कामाचा कागद आहे.

टप्पा २: प्रसंगांच्या चिठ्ठ्या

पोस्टकार्डाच्या आकाराचे पुठ्ठे किंवा अर्धे कागद घ्या. एका चिठ्ठीवर एकच प्रसंग. प्रसंग म्हणजे एक जागा, एक वेळ, आणि कुणीतरी काहीतरी करतंय. वर कोपऱ्यात साल, खाली दोन-तीन ओळी, आणि शक्यतो एक वस्तू.

'गाळ्यात फार हाल काढले' ही चिठ्ठी नव्हे. 'रात्रपाळीवरून आलो, माझ्या जागेवर दिवसपाळीचा माणूस अजून झोपलेला, त्याची पथारी हलवायची नाही म्हणून जिन्यावर बसून राहिलो, १९७३' ही चिठ्ठी. पहिलीतून प्रवचन निघेल, दुसरीतून पान निघेल.

साठ ते ऐंशी चिठ्ठ्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाळीसच असतील तर विषय ओढूनताणून जुळवावे लागतात. दोनशे झाल्या असतील तर बऱ्याच चिठ्ठ्या एकाच प्रसंगाच्या नकला असतात. अशा नकला वेगळ्या काढून सर्वांत ठसठशीत तेवढी ठेवा.

टप्पा ३: विषय चिठ्ठ्यांतून काढा

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून घाई नको. चिठ्ठ्या जमिनीवर पसरा. सालाप्रमाणे लावू नका. हातात एक घ्या आणि तिच्याशेजारी कोणती शोभते ते पाहा. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. दोन-तीन बैठकांत ढीग दिसू लागतात. ढिगाला नाव सर्वांत शेवटी.

आपल्या लेखकाचे ढीग असे पडले: झोपायच्या जागा, घरी पाठवलेले पैसे, गावी परतणं, मी नसताना चाललेलं घर, भाऊ आणि जमीन. पाचच. यात 'गिरणी' नावाचा ढीग नाही, हे त्यालाही चमत्कारिक वाटलं. पण गिरणीत तो जेमतेम दहा वर्षं होता, आणि त्या वर्षांचे प्रसंग आपोआप गाळ्यात आणि पैशांत गेले. विषय म्हणजे आयुष्याचे विभाग नव्हेत. 'नोकरी', 'संसार', 'मित्र' हे विभाग झाले, ते अर्जावर शोभतात.

प्रत्येक ढिगाला तीन प्रश्न विचारा. यातल्या चिठ्ठ्या निदान तीन वेगळ्या काळातल्या आहेत का? पहिल्या आणि शेवटच्या चिठ्ठीत काही उलटलं आहे का? आणि नाव हाताला लागण्यासारखं आहे का? 'जिद्द', 'माया', 'संघर्ष' या नावांखाली काहीही बसतं, म्हणून ती नावं रद्द. 'घरी पाठवलेले पैसे' या नावाखाली काय बसतं आणि काय नाही हे लगेच कळतं. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी जी चिमूटभर जागा असायची, तिथे काय लिहिलं आणि काय लिहिता आलं नाही, याच्याच त्याच्याकडे सहा चिठ्ठ्या निघाल्या.

पाच ते सात विषय पुरेत. दहा झाले तर दोन-दोन एकत्र होतात का पाहा, बहुतेक वेळा होतात.

सावधान: विषयवार ढीग लावले की एखाद्या माणसाचे सगळे दोष एकाच प्रकरणात गोळा होतात. प्रत्यक्षात भावाशी जमिनीवरून तीन भांडणं झाली, ती वीस वर्षांत. मधल्या काळात त्याने घराची कौलं परतली, आईला दवाखान्यात नेलं. ती चांगली कामं 'मी नसताना चाललेलं घर' या ढिगात गेली आणि 'भाऊ आणि जमीन' यात फक्त भांडणं उरली. वाचकापुढे तो भाऊ खलनायक म्हणून उभा राहतो. हे खोटं नाही, पण खरंही नाही. उपाय साधा आहे: भांडणाच्या प्रकरणात कौलं परतल्याची एक चिठ्ठी मुद्दाम आणा, तीही मधोमध. शेवटी आणली तर सारवासारव वाटते.

टप्पा ४: एक प्रसंग, एकच घर

काही चिठ्ठ्या दोन-तीन ढिगांत बसतात. मोठ्या घटना हमखास बसतात. आपल्या लेखकाचा संप चार ढिगांवर हक्क सांगतो. गाळ्यातले लोक एकेक करून गावी गेले आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा रात्री पाय पूर्ण पसरून झोपता आलं. पैसे पाठवणं थांबलं आणि उलट भावाने एस.टी.वर तांदळाचं पोतं टाकून पाठवलं. तो रिकाम्या हाताने गावी परतला. आणि गावी गेल्यावर घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं दिसलं.

प्रत्येक ठिकाणी संप पहिल्यापासून सांगितला तर वाचक चौथ्यांदा पान उलटेल. म्हणून नियम असा: प्रत्येक मोठ्या घटनेचं एकच मुख्य घर. तिथे ती सविस्तर. बाकी ठिकाणी एका वाक्यात, तेही वाचकाला ती माहीत आहे असं धरून.

मुख्य घर कसं ठरवायचं? ती घटना कोणत्या प्रकरणाची दिशा उलटवते ते पाहा. दहा वर्षं पैसा मुंबईहून गावाकडे जात होता आणि संपात तांदूळ गावाहून मुंबईकडे आला. उलटापालट इथे आहे, म्हणून संपाचं घर 'पैसे' हे प्रकरण. पाय पसरून झोपण्याचा प्रसंग कितीही आवडता असला तरी 'जागा' या प्रकरणात तो अर्ध्या पानात येईल आणि तिथे संपाचं कारण सांगितलं जाणार नाही.

चिठ्ठीवर घराचं नाव लिहा. दुसरीकडे उल्लेख येणार असेल तर त्या ढिगात वेगळ्या रंगाची छोटी चिठ्ठी ठेवा. पुढे लिहिताना हा रंग तुम्हाला आवरतो.

टप्पा ५: प्रकरणाच्या आत सालवार, प्रकरणांमध्ये समजुतीनुसार

विषयवार म्हणजे सगळंच उलटसुलट, असा गैरसमज आहे. एका प्रकरणाच्या आत शक्यतो जुन्याकडून नव्याकडेच या. दर प्रकरणात काळ पहिल्यापासून वाहतो, एवढी शिस्त वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच कळते आणि मग तो गोंधळत नाही. फक्त पहिल्या परिच्छेदापुरता नंतरचा एखादा प्रसंग आणायला हरकत नाही.

प्रकरणांचा क्रम मात्र वेगळ्या प्रश्नावर ठरतो: हे समजायला वाचकाला आधी काय माहीत हवं? प्रत्येक ढिगासाठी एक कागद घ्या. डावीकडे लिहा, या प्रकरणाला काय माहीत असणं गरजेचं. उजवीकडे, हे प्रकरण काय नव्याने सांगतं. 'भाऊ आणि जमीन' समजायला पैसे कोण पाठवत होतं आणि घर कोण चालवत होतं हे आधी कळायला हवं. म्हणून ते चौथ्या क्रमांकाच्या आधी येऊच शकत नाही. 'झोपायच्या जागा' या प्रकरणाला काहीच माहीत असायला नको, आणि त्यात गाव, लालबाग, कुवेत, ठाणे अशी सगळी मुक्कामाची ठिकाणं ओघात येऊन जातात. म्हणून ते पहिलं. वंशावळ आणि सनावळ्यांचं प्रास्ताविक जोडण्यापेक्षा असं प्रकरण आधी ठेवणं मला केव्हाही बरं वाटतं.

मेलेली माणसं जिवंत होतात तेव्हा

दर प्रकरणात काळ मागे जातो, त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात गेलेली आई तिसऱ्या प्रकरणात ओटीवर उभी असते. हे टाळता येत नाही, पण ठरवून करता येतं. दोन मार्ग आहेत. एक, तिचं जाणं पहिल्याच प्रकरणात एका सपाट वाक्यात सांगून टाकायचं: 'आई १९८७ च्या पावसाळ्यात गेली. मी तेव्हा मुंबईत होतो.' यानंतर ती कुठेही जिवंत दिसली तरी वाचक दचकत नाही, उलट जास्त लक्ष देऊन वाचतो. दुसरा मार्ग म्हणजे तो प्रसंग शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवायचा आणि तोवर १९८७ नंतरच्या प्रसंगांत आईचा उल्लेखच टाळायचा. हा मार्ग अवघड आहे. कुवेतहून परतल्यावर दारात कोण होतं हे लिहिताना आईची गैरहजेरी लपवावी लागते आणि वाचकाला ती लपवाछपवी जाणवते. पहिल्या मार्गाने जा. मृत्यूचा सविस्तर प्रसंग तरीही नंतर, त्याच्या मुख्य घरात, सांगता येतोच.

टप्पा ६: काळाच्या आणि नात्यांच्या खुणा

पहिला खर्डा लिहिताना दर नव्या प्रसंगाच्या पहिल्या दोन वाक्यांत काळ कळलाच पाहिजे. साल दर वेळी नको, ते जंत्रीसारखं वाटतं. वय, मुलीचं वय, मुक्काम यांपैकी एक खूण पुरते. 'तेव्हा', 'त्या वर्षी', 'त्या काळी' हे शब्द मात्र विषयवार लेखनात घात करतात, कारण आधीचा परिच्छेद बारा वर्षांपूर्वीचा असू शकतो.

नात्यांचंही तसंच. आपल्याकडे एका घरात तीन काका असतात. सालवार पुस्तकात कोणते काका हे ओघाने कळतं, इथे नाही. हा कच्चा परिच्छेद पाहा:

'तेव्हा काका म्हणाले, आता हयसर रवान काय करतलंस, गावाक जा. मला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी निघालो.'

आणि हा दुरुस्त केलेला:

'संप सुरू होऊन सहा महिने झाले होते. मी अठ्ठावीस वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. ज्यांच्या ओळखीवर गाळ्यात जागा मिळाली होती ते लालबागचे काका म्हणाले, आता हयसर रवान काय करतलंस, गावाक जा. माझी पथारी त्यांनी आधीच गुंडाळून भिंतीला लावून ठेवली होती.'

'लालबागचे काका' हे नाव आता पुस्तकभर तेच राहील. दुसऱ्या प्रकरणात 'तात्या' आणि चौथ्यात 'चुलते' असं झालं की एका माणसाची तीन माणसं होतात. प्रत्येक व्यक्तीचं एकच संबोधन ठरवून यादी भिंतीवर लावा. तसंच 'मला वाईट वाटलं' गेलं आणि पथारी आली, हेही लक्षात घ्या. चिठ्ठीवर वस्तू लिहायला सांगितलं होतं ते याचसाठी.

तपासणी: कोणतंही पान मधूनच उघडा. दोन परिच्छेदांत साल (दोन-तीन वर्षांच्या फरकाने) आणि जागा ओळखता येते का? अशी दहा पानं पाहा. तीनपेक्षा जास्त ठिकाणी अडखळलात तर पुढे लिहू नका, आधी खुणा भरा.

टप्पा ७: परक्या वाचकाची चाचणी

घरच्यांना आधी देऊ नका. त्यांना तुमचा काळ पाठ असतो, म्हणून गाळलेल्या जागा ते मनातल्या मनात भरतात. तुम्हाला फारसं न ओळखणारा एक वाचक शोधा. वाचून झाल्यावर त्याला कोरा कागद द्या आणि तुमचं आयुष्य सालाप्रमाणे मांडायला सांगा. तारखा नकोत, फक्त कशानंतर काय.

तो कागद आणि तुमचा कालपट शेजारी ठेवा. त्याने कुवेत संपाच्या आधी टाकलं असेल तर कुवेतची पहिली खूण कमी पडली. एखादा काळ त्याने सोडूनच दिला असेल, समजा १९८४ ते १९८९ ची रखवालदारीची वर्षं, तर दोन शक्यता आहेत. त्या वर्षांच्या चिठ्ठ्याच कमी आहेत, किंवा तो काळ कोणत्याही विषयात न बसल्याने तुम्ही टाळला आहे. दुसरी शक्यता गंभीर. विषयवार रचनेत नको असलेली वर्षं कुणाच्याही लक्षात न येता गाळता येतात, अगदी लेखकाच्याही. त्या वर्षांवर दोन चिठ्ठ्या लिहून पाहा आणि कोणता ढीग त्यांना घेतो ते बघा. कोणताच घेत नसेल तर तुमचे विषय अपुरे आहेत, आणि टप्पा तीनवर परत जावं लागेल.

वाचकाला आणखी एकच विचारा: कुठे आपण हे आधी वाचलंय असं वाटलं? त्याने दाखवलेल्या प्रत्येक जागी, मुख्य घर सोडून, स्पष्टीकरण एका वाक्यावर आणा.

मग घरच्यांना द्या. भावाला द्यायचं ते नुसतं त्याच्यावरचं प्रकरण नको, सगळं हस्तलिखित द्या. एकच प्रकरण वाचलं तर आईला दवाखान्यात नेल्याचं, तांदळाच्या पोत्याचं त्याला दिसणारच नाही. तारखांवर तो हरकत घेईल तिथे वाद घालू नका, कालपट पुढे करा आणि त्याच्याकडचा सातबारा मागून घ्या.